बदललेल्या नावाने पदवी प्रमाणपत्र आणि गुणपत्रिका मिळवताना या चुका टाळा

पासपोर्ट, पॅन आणि आधारवर नवे नाव आले की पदवी प्रमाणपत्रही त्याच रीतीने बदलून मिळेल, असा अनेकांचा समज असतो आणि पहिली अडचण तेथेच सुरू होते. पासपोर्ट किंवा आधार आजची ओळख सांगतात. पदवी प्रमाणपत्र मात्र अमुक नावाने नोंदलेल्या विद्यार्थ्याने अमुक वर्षी अमुक परीक्षा उत्तीर्ण केली, या जुन्या घटनेची नोंद असते, आणि त्या दिवशी नोंद बरोबर होती तर ती नंतर का बदलावी, हा विद्यापीठाचा पहिला प्रश्न असतो. या प्रश्नाचे उत्तर अर्जात नसेल, तर सोबत कितीही कागद जोडले तरी प्रकरण पुढे सरकत नाही.

दुरुस्तीच्या अर्जात बदल मागणे

परीक्षा विभागात नावासंबंधी दोन वेगवेगळी प्रकरणे चालतात. महाविद्यालयाने किंवा विद्यापीठाने नाव नोंदवताना चूक केली असेल, म्हणजे वडिलांचे नाव चुकीचे छापले गेले असेल किंवा इंग्रजी स्पेलिंगमधले एखादे अक्षर गळले असेल, तर ती दुरुस्ती होय. तिच्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि महाविद्यालयाच्या जनरल रजिस्टरचा उतारा हे मुख्य पुरावे असतात; राजपत्राची गरज सहसा पडत नाही. त्यावेळी बरोबर असलेले नाव विद्यार्थ्याने नंतर स्वेच्छेने, विवाहामुळे किंवा घटस्फोटामुळे बदलले असेल, तर तो बदल होय, आणि त्यासाठी राजपत्रातील प्रसिद्धी हा पाया मानला जातो.

लवकर काम व्हावे म्हणून बदलाचे प्रकरण दुरुस्तीच्या अर्जावर भरण्याचा सल्ला झेरॉक्सच्या दुकानापासून एजंटापर्यंत अनेक जण देतात, परंतु तो अंगलट येतो. लिपिक दहावीची गुणपत्रिका पाहतो, तीवरही जुनेच नाव आढळते, आणि ‘नोंदीत चूक नाही’ असा शेरा मारून अर्ज परत येतो. नंतर योग्य अर्ज केला तरी तो शेरा संचिकेत राहतो आणि आधीच्या विधानाचा खुलासा देत बसावे लागते.

हाच भेद सर्वोच्च न्यायालयाने 3 जून 2021 रोजी जिग्या यादव विरुद्ध सीबीएसई या निकालात तपशिलाने मांडला. निकाल केंद्रीय मंडळाच्या प्रमाणपत्रांविषयी असला, तरी इतर मंडळांशी आणि विद्यापीठांशी होणाऱ्या वादांतही त्याचा आधार घेतला जातो. शालेय किंवा अन्य सार्वजनिक कागदपत्रांशी जुळवून घेण्याची विनंती आणि नव्याने धारण केलेले नाव लावण्याची विनंती न्यायालयाने वेगळी ठेवली. दुसऱ्या प्रकारात राजपत्र, मूळ प्रमाणपत्र परत करणे आणि नव्या प्रमाणपत्रावर तशी टीप देणे अशा अटी मंडळाला घालता येतात, हे त्यात स्पष्ट झाले. त्यामुळे नव्या कागदावर ‘पूर्वीचे नाव’ असा उल्लेख आला, तर तो अन्याय झाला असे समजण्याचे कारण नाही.

राजपत्रात जुने नाव अंदाजाने लिहिणे

महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातील नावबदलाच्या सूचना अर्जदाराने दिलेल्या मजकुरावरूनच छापल्या जातात, आणि कागदपत्रांची पडताळणी केलेली नसल्यामुळे मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी शासन घेत नाही, अशी टीप तेथेच असते. म्हणजेच जुने नाव चुकीचे भरले तर ते तसेच छापले जाते, आणि चूक लक्षात येते ती विद्यापीठाच्या खिडकीवर.

आपल्याकडे हा घोळ विशेष होतो, कारण एकाच व्यक्तीचे नाव कागदागणिक वेगळ्या क्रमाने छापलेले असते. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि पुष्कळदा शेवटी आईचे नाव येते. इतरत्र आडनाव शेवटी असते आणि बँकेत वडिलांच्या नावाचे एकच आद्याक्षर उरते.

समजा, गुणपत्रिकांवर ‘जोशी अनघा विनायक’ असे नाव आहे आणि विवाहानंतर राजपत्राने ‘अनघा समीर पाटणकर’ हे नाव घेतले आहे. राजपत्राचा अर्ज भरताना मात्र पॅनकार्ड समोर ठेवल्यामुळे जुने नाव ‘अनघा व्ही. जोशी’ असे गेले. घरच्यांना हा फरक क्षुल्लक वाटतो. पण विद्यापीठाच्या लेखी अनघा विनायक जोशी या विद्यार्थिनीने नाव बदलल्याची सूचना कोठेच प्रसिद्ध झालेली नाही, व्ही. म्हणजे विनायक की वसंत, हे ठरवण्याचा अधिकार लिपिकाला नाही. काही ठिकाणी दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र चालवून घेतात, परंतु त्यावर विसंबून राहण्यापेक्षा जुने नाव पूर्ण लिहून सूचना पुन्हा प्रसिद्ध करणे अधिक खात्रीचे असते. जुन्या कागदांवर दोन रूपे असतील, तर दोन्ही ‘ऊर्फ’ या शब्दाने जोडून सूचनेत द्यावीत. इंग्रजी स्पेलिंगही गुणपत्रिका समोर ठेवूनच भरावे, कारण पडताळणी बहुतेक वेळा इंग्रजी नावावरून होते.

पदवीपासून सुरुवात करणे

विद्यापीठाच्या नोंदीतील नाव पदवी विभाग ठरवत नाही. प्रवेशाच्या वेळी पात्रता विभागाने बारावीच्या गुणपत्रिकेवरून ते घेतलेले असते, त्यावर कायम नोंदणी क्रमांक म्हणजे पीआरएन मिळालेला असतो, पुढील सर्व सत्रांच्या गुणपत्रिका त्यावरून निघतात आणि अखेरीस पदवीवर तेच नाव उतरते. त्यामुळे केवळ पदवी प्रमाणपत्र बदलण्याची मागणी केली, तर ते गुणपत्रिकांशी जुळणार नाही या कारणाने ती थांबते.

विद्यापीठागणिक तपशील बदलतो, पण सर्वसाधारण क्रम असा असतो. अर्ज ज्या महाविद्यालयातून पदवी घेतली तेथील प्राचार्यांच्या शिफारसपत्रासह जातो; महाविद्यालय बंद पडले किंवा दुसऱ्या विद्यापीठाला जोडले गेले असेल, तर आधी त्या वर्षांचा अभिलेख कोणाकडे आहे हे लेखी विचारून घ्यावे लागते. अर्जासोबत राजपत्राचे संबंधित पान, प्रतिज्ञापत्र, विवाह प्रमाणपत्र किंवा घटस्फोटाचा हुकूमनामा, ओळखपत्र आणि शुल्क भरल्याची पावती जोडली जाते. आधी मूळ नोंदीत बदलाला मंजुरी मिळते, मग प्रत्येक सत्राच्या मूळ गुणपत्रिका जमा करून नव्या छापल्या जातात आणि शेवटी पदवी प्रमाणपत्र निघते. नव्या कागदावर परीक्षेचे वर्ष मूळचेच राहते.

मूळ कागद हरवले असतील, तर ते जमा करण्याची अट पूर्ण होऊ शकत नाही. अशा वेळी पोलिसांकडे गहाळ झाल्याची नोंद करून जुन्या नावाने दुय्यम प्रत काढावी आणि मगच नावबदलाकडे वळावे. दोन्ही मागण्या एकाच अर्जात घातल्या की तो कोणत्या विभागाचा, यावरच वेळ जातो. मूळ कागद हातून देण्यापूर्वी त्यांच्या रंगीत स्कॅन प्रती आणि जमा केल्याची पोच घेतलीच पाहिजे, कारण अधल्यामधल्या काळात नोकरीसाठी दाखवायला तेवढेच हाती असते.

गरज नसताना बदल मागणे

विवाहानंतरच्या नावासाठी आलेले अर्ज कित्येक विद्यापीठे सरळ नाकारतात, आणि माझ्या मते पुष्कळ प्रकरणांत अर्जदाराचे त्यात फारसे नुकसान नसते. जुन्या नावाची पदवी आणि दोन नावे जोडणारे विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र एवढ्यावर बहुतेक नोकऱ्यांतील पडताळणी पार पडते. परदेशी शिक्षणासाठी गुणांचे मूल्यमापन करणाऱ्या संस्थाही सामान्यतः नावबदलाचा अधिकृत पुरावा स्वीकारतात. उलट, परदेशात ग्राह्य धरले जावे म्हणून पदवीवर आधीच अपोस्टिल हे साक्षांकन केलेले असेल, तर नवा कागद निघताच ते निरुपयोगी होते आणि राज्य स्तरावरील साक्षांकनापासून सारे पुन्हा करावे लागते. विद्यापीठाने ट्रान्सक्रिप्ट परदेशी पाठवले असतानाच नाव बदलले, तर ट्रान्सक्रिप्ट एका नावाने आणि पदवी दुसऱ्या नावाने पोहोचते. असा अर्ज प्रवेशाच्या तारखा जवळ असताना करू नये.

तृतीयपंथी अर्जदारांची स्थिती वेगळी आहे. त्यांच्यासाठी जुने नाव कागदावर राहणे म्हणजे प्रत्येक मुलाखतीत स्वतःविषयी खुलासा करणे होय. 2019 च्या तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियमाखालील 2020 च्या नियमांत जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या ओळख प्रमाणपत्रावरून शैक्षणिक प्रमाणपत्रांतील नाव, लिंग आणि छायाचित्र बदलण्याची तरतूद करण्यात आली, त्यासाठी अर्जापासून 15 दिवसांची मुदत ठेवण्यात आली आणि नव्या कागदावर मूळचाच क्रमांक राहील असेही सांगण्यात आले. अशा अर्जात ‘वैयक्तिक कारणास्तव नावबदल’ असे मोघम लिहिणे ही मोठी चूक ठरते. अधिनियमाचा आणि नियमांचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात करावा, नाहीतर प्रकरण सर्वसाधारण नावबदलाच्या रांगेत जाऊन पडते.

तोंडी नकारावर परत येणे

‘आमच्याकडे असे होत नाही’ एवढे ऐकून परत आलेल्या माणसाच्या हाती पुढे दाद मागण्यासाठी काहीच नसते. अर्ज आवक विभागात देऊन आवक क्रमांक घ्यावा आणि नकार असल्यास कोणत्या परिपत्रकाच्या किंवा अध्यादेशाच्या आधारे, हे लेखी मागावे. उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकारात अर्जाची सद्यःस्थिती आणि त्या परिपत्रकाची प्रत मागता येते. तेथे उत्तरासाठी 30 दिवसांची मर्यादा आहे. आधी दहावीची गुणपत्रिका बदलून आणा असे विद्यापीठ म्हणते आणि उत्तीर्ण झाल्यानंतर बदल होत नाही असे मंडळ म्हणते, ही कोंडी नेहमीची आहे. तेव्हा दोन्ही नकार लेखी असले, तर वकिलाला उच्च न्यायालयात संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली रिट याचिका भक्कमपणे उभी करता येते.

नवे कागद हाती आल्यावर डिजिलॉकरमधील नॅशनल अकॅडेमिक डिपॉझिटरीची नोंदही उघडून पाहावी. कागद बदलला तरी तेथील नोंद आपोआप बदलेल असे नसते, आणि नोकरी देणारी संस्था पडताळणी तेथून करत असेल, तर तिला छापील प्रमाणपत्रावर एक नाव आणि पडद्यावर दुसरे दिसते. तफावत आढळल्यास डिजिलॉकरकडे तक्रार करून उपयोग होत नाही. ती नोंद विद्यापीठानेच चढवलेली असते, म्हणून मंजुरीच्या पत्राची प्रत जोडून परीक्षा विभागालाच ती नव्याने चढवण्यास लेखी सांगावे लागते.