एकत्रित ताळेबंदात जिनिंग उपकंपनीची विक्री आणि बाहेरच्या भागधारकांचा हिस्सा: या चुका टाळा

खानदेशात एकाच घराण्याची सूतगिरणी आणि जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरी असणे नवीन नाही. बऱ्याचदा जिनिंगची कंपनी वेगळी असते आणि तिच्यात थोडे भागभांडवल नातेवाइकांचे किंवा ओळखीच्या व्यापाऱ्यांचे असते. अशा गटाला कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२९(३) प्रमाणे मूळ कंपनीच्या स्वतंत्र हिशोबाबरोबर एकत्रित वित्तीय विवरणेही द्यावी लागतात. दोन्ही कंपन्यांच्या आकड्यांची ओळीने बेरीज कोणीही करतो. चुका होतात त्या आपसातली विक्री वजा करताना आणि बाहेरच्या भागधारकांचा हिस्सा काढताना, आणि त्यांतली एक चूक अशी आहे की मालकांच्या वाट्याचा अंतिम नफा बरोबर येत असल्याने ती वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही.

समजुतीसाठी एक काल्पनिक गट घेऊ. धुळ्याच्या सूतगिरणीकडे चोपड्याच्या जिनिंग कंपनीचे ८० टक्के शेअर स्थापनेपासून आहेत आणि उरलेले २० टक्के बाहेरच्यांकडे आहेत, त्यामुळे गुडविलचा प्रश्न येत नाही. उपकंपनीचे भांडवल १०० लाख, वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक राखीव रक्कम ६० लाख आणि चालू वर्षाचा करोत्तर नफा ५० लाख आहे. तिची एकूण विक्री ७०० लाखांची आहे, त्यापैकी ४४० लाखांच्या गाठी तिने सूतगिरणीला विकल्या, ज्यांची तिला पडलेली किंमत ४०० लाख होती. सूतगिरणीची स्वतःची विक्री १,५०० लाख आणि नफा १२० लाख आहे. कराचा परिणाम तूर्त बाजूला ठेवू.

पहिली चूक विक्रीच्या आकड्यात होते. काही ठिकाणी वर्षअखेर शिल्लक राहिलेल्या मालापुरतीच आपसातली विक्री वजा केली जाते, तर काही ठिकाणी मालकी ८० टक्के म्हणून ४४० लाखांच्या ८० टक्केच वजा होतात. दोन्ही चूक आहे. गट ही एकच संस्था मानली की चोपड्याहून धुळ्याला गेलेली गाठ म्हणजे एका गोदामातून दुसऱ्या गोदामात गेलेला माल, आणि अशी विक्री पूर्णपणे काढावी लागते. म्हणून एकत्रित विक्री १,५०० अधिक ७०० वजा ४४०, म्हणजे १,७६० लाख. तेवढाच खर्चही कमी होतो, त्यामुळे सर्व माल विकला गेलेला असता तर नफ्यावर काहीच परिणाम झाला नसता. परिणाम होतो तो फक्त शिल्लक मालामुळे.

ही नोंद कोणत्याही कंपनीच्या स्वतःच्या टॅलीत टाकू नये, ती केवळ एकत्रीकरणाच्या तक्त्यात राहते. जीएसटी आणि आयकराच्या दृष्टीने दोन्ही कंपन्या वेगळ्या आहेत. उपकंपनीच्या पुस्तकातून ४४० लाखांची विक्री काढली, तर तिचा विवरणपत्राशी मेळच बसणार नाही.

वजावटीआधी दोन्हीकडची लेजरे जुळली पाहिजेत, आणि ३१ मार्चला ती सहसा जुळत नाहीत. समजा ३१ मार्चच्या संध्याकाळी ११ लाखांच्या गाठींचा ट्रक चोपड्याहून निघाला आणि धुळ्याच्या वजनकाट्यावर तो १ एप्रिलला सकाळी आला. उपकंपनीने विक्री ४४० लाख दाखवली आणि गिरणीने खरेदी ४२९ लाख. येणे-देणे पाहिले तर फरक ११ लाखांचा नसून ११.५५ लाखांचा दिसतो, कारण कापसाच्या गाठीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि लेजरमध्ये बिलाची पूर्ण रक्कम असते. अशा वेळी फरक ‘किरकोळ’ खात्यात ढकलणे हा सर्वांत वाईट उपाय ठरतो. आधी गिरणीच्या बाजूला वाटेवरचा माल ११ लाख, मालाच्या पावतीनंतर मिळणारे जीएसटी क्रेडिट ०.५५ लाख आणि उपकंपनीला देणे ११.५५ लाख अशी नोंद घ्यावी, मग विक्री-खरेदी आणि येणे-देणे पूर्ण काढावे. फरकाचे कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नये, कारण वाटेवरचा माल सुटला की त्यातला नफाही सुटतो.

आता शिल्लक माल. कापसाचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि गिरण्या वर्षभराच्या गरजेचा बराचसा माल हंगामातच भरून ठेवतात, त्यामुळे आपल्याकडे ३१ मार्चचा साठा लहान नसतो. आपल्या उदाहरणात गिरणीच्या गोदामात उपकंपनीकडून आलेल्या ३३ लाखांच्या गाठी आहेत आणि ११ लाखांचा माल वाटेवर आहे. बहुतेक तक्ते इथेच थांबतात. पण उपकंपनीच्या गाठी फोडून केलेले सूत आणि साच्यावरचा अर्धवट माल यांतही त्याच कापसाची किंमत बसलेली असते, समजा २२ लाखांची. ती धरली नाही तर न कमावलेल्या नफ्याचा तिसरा भाग निसटतो. यासाठी तयार सुताच्या मूल्यांकन पत्रकातून कच्च्या मालाची किंमत वेगळी काढावी आणि वर्षभरातल्या एकूण कापूस खरेदीत उपकंपनीचा वाटा किती होता, त्या प्रमाणात ती विभागावी. प्रत्येक गाठीचा लॉट नंबर सुतापर्यंत नेता येत नाही, म्हणून हे प्रमाण दरवर्षी एकाच पद्धतीने काढणे आवश्यक आहे.

एकूण ६६ लाख झाले. उपकंपनी तिला पडलेल्या किमतीवर १० टक्के नफा लावते, म्हणून यातला नफा ६६ चे १० टक्के, म्हणजे ६.६ लाख, असे घाईत लिहिले जाते. गिरणीच्या पुस्तकातली किंमत मात्र ११० च्या पातळीवरची आहे, म्हणून ६६ गुणिले १० भागिले ११०, म्हणजे ६ लाख हा खरा आकडा. गटाच्या दृष्टीने त्या मालाची किंमत ६० लाखच आहे. तक्त्यातली नोंद अशी होते: विक्री डेबिट ४४०, वापरलेल्या कच्च्या मालाचा खर्च क्रेडिट ४३४, शिल्लक माल क्रेडिट ६. हा शिल्लक माल ताळेबंदात गाठी, अर्धवट माल आणि तयार सूत अशा तीन ओळींत विखुरलेला असल्याने ६ लाखांची वजावटही त्याच प्रमाणात त्या ओळींत व्हावी.

इथून सर्वांत जास्त गोंधळ सुरू होतो. “वीस टक्के तर बाहेरच्यांचे आहेत, त्यांच्यापुरता नफा खराच झाला, मग ६ च्या ८० टक्के, म्हणजे ४.८ लाखच वजा करू,” असा युक्तिवाद ऐकू येतो. लेखा मानक २१ आणि भारतीय लेखा मानक ११० या दोन्हींत आपसातल्या व्यवहारातला न कमावलेला नफा पूर्ण वजा करण्याचीच अट आहे. माल अजून गटाच्या ताब्यातून बाहेर गेलेला नाही, मग भागधारक कोणीही असोत.

ही चूक टिकून राहते याचे कारण आकड्यांत दिसते. उपकंपनीने १० लाख लाभांश दिला आणि त्यातले ८ लाख गिरणीच्या १२० लाखांच्या नफ्यात मिळालेले आहेत असे धरू. हा लाभांश आपसातला असल्याने वजा होतो. बरोबर पद्धतीने एकत्रित नफा १२० अधिक ५० वजा ६ वजा ८, म्हणजे १५६ लाख. माल उपकंपनीने विकला, नफा तिच्या पुस्तकात बसला, म्हणून प्रचलित पद्धतीप्रमाणे वजावट तिच्या नफ्यातून करून बाहेरच्यांचा हिस्सा काढतात: ५० वजा ६, म्हणजे ४४ चे २० टक्के, ८.८ लाख. मूळ कंपनीच्या मालकांकडे १४७.२ लाख राहतात. चुकीच्या पद्धतीत एकत्रित नफा १५७.२ लाख येतो, बाहेरच्यांचा हिस्सा ५० चे २० टक्के म्हणून १० लाख लागतो आणि मालकांचा वाटा पुन्हा १४७.२ लाखच! संचालक मंडळ पाहते तो आकडा बरोबर असतो, म्हणून कोणी खोलात जात नाही. पण शिल्लक माल १.२ लाखांनी आणि बाहेरच्यांचा हिस्साही तेवढ्यानेच जास्त दाखवलेला असतो. तपासणी नफ्याच्या शेवटच्या ओळीवर न करता शिल्लक मालाच्या ओळीवर करावी: दोन्ही कंपन्यांच्या मालाच्या बेरजेतून पूर्ण ६ लाख गेले आहेत का, एवढेच पाहावे.

उलट बाजूची चूकही होते. ६ लाख पूर्ण वजा केले, पण सगळा भार मूळ कंपनीवर टाकला आणि बाहेरच्यांना १० लाख दिले, तर एकत्रित नफा १५६ बरोबर येतो आणि मालकांचा वाटा १४६ लाख, म्हणजे १.२ लाखांनी कमी दिसतो. असा पूर्ण भार मूळ कंपनीवर टाकणे योग्य ठरते ते विक्री तिने उपकंपनीला केली असेल तेव्हाच. कोणाकडून कोणाकडे माल गेला, हे तक्त्याच्या वरच लिहून ठेवलेले बरे.

ताळेबंदातला बाहेरच्यांचा हिस्सा वेगळ्या मार्गानेही पडताळता येतो. सुरुवातीला १६० चे २० टक्के म्हणून ३२ लाख, त्यात ८.८ मिळवून आणि त्यांना दिलेला लाभांश २ लाख वजा करून ३८.८ लाख. दुसरीकडून, १०० अधिक ६० अधिक ४४ वजा १०, म्हणजे १९४ चे २० टक्केही ३८.८. दोन उत्तरे वेगळी आली तर बहुधा लाभांश बाहेरच्यांच्या बाजूला वजा झालेला नसतो. हा हिस्सा भारतीय लेखा मानकात इक्विटीच्याच भागात वेगळ्या ओळीत येतो आणि नफ्याची विभागणी नफ्याच्या खाली दाखवतात, तर मानक २१ मध्ये तो देणी आणि मालकांचा निधी या दोन्हींपासून वेगळा दाखवतात. त्याला कर्जात किंवा चालू देण्यात बसवणे दोन्हीकडे चूक आहे.

कराबाबतही दोन मानके वेगळी वागतात. मानक २१ मध्ये दोन्ही कंपन्यांचा कर खर्च केवळ एकत्र मिळवायचा असतो आणि ६ लाखांवर वेगळा स्थगित कर लावत नाहीत. भारतीय लेखा मानकात मात्र तो लावावा लागतो आणि दर माल ज्याच्याकडे शिल्लक आहे त्याचा, म्हणजे इथे गिरणीचा, घेतात.

पुढच्या वर्षी नेहमी विसरली जाणारी एक गोष्ट म्हणजे सुरुवातीचा माल. उपकंपनीच्या स्वतंत्र पुस्तकात हे ६ लाख राखीव रकमेत पक्के झालेले असतात, म्हणून नवीन तक्त्यात सुरुवातीच्या राखीव रकमेतून पुन्हा ६ लाख वजा करावे लागतात, मालकांकडून ४.८ आणि बाहेरच्यांकडून १.२. तो माल आता विकला गेल्यामुळे तेवढाच खर्च त्या वर्षी कमी होतो. वर्षअखेरीस न कमावलेला नफा ९ लाख निघाला, तर चालू नफ्यावरचा निव्वळ परिणाम ३ लाखांचा असतो, ९ चा नाही. ही नोंद राहून गेली की सुरुवातीची एकत्रित शिल्लक गेल्या वर्षीच्या शेवटच्या शिलकेशी जुळत नाही, आणि फरक बरोबर ४.८ आणि १.२ लाखांचा येतो.