द्राक्षांच्या गाडीचा फोटो स्टॉक साइटला पाठवण्याआधी: नावं आणि लोगो कसे काढायचे

फेब्रुवारीत नाशिकच्या गंगापूर रोडला द्राक्षांच्या गाड्या लागल्या की मी सकाळच्या उन्हात फोटो काढायला जातो. गेल्या हंगामातला माझा एक चांगला फोटो एका स्टॉक साइटने नाकारला. कारण बौद्धिक संपदेचं होतं. फोटोत विक्रेत्याचे फक्त हात होते, चेहरा नव्हता, म्हणून मी निर्धास्त होतो. मग फोटो शंभर टक्के मोठा करून पाहिला तेव्हा लक्षात आलं की नावं सात ठिकाणी होती. त्याच फोटोवर मी पुढे जे काम केलं, ते इथे क्रमाने सांगतो.

आधी एक निर्णय घ्यावा लागतो. फोटो जाहिरातीसाठी वापरता येईल असा, म्हणजे कमर्शियल विभागात पाठवायचा, की बातमी-लेखांसाठीच्या एडिटोरियल विभागात? एडिटोरियलमध्ये लोगो चालतात, मात्र फोटोतलं काहीही पुसायचं नाही आणि वर्णनात ठिकाण आणि तारीख लिहायची. कमर्शियलमध्ये ब्रँडचं नाव, चिन्ह, वाहनाचा नंबर यांतलं काहीच राहता कामा नये. पुसलेला फोटो नंतर एडिटोरियलला पाठवता येत नाही, म्हणून मूळ फाइल तशीच ठेवून तिच्या प्रतीवर काम करा.

आता फोटो शंभर टक्क्यांवर उघडा आणि डाव्या कोपऱ्यापासून ओळीने सरकत जा. दिसेल ते कागदावर टिपा. माझ्या यादीत होतं: छत्रीवरची मोबाइल कंपनीची जाहिरात, कॅरेटच्या बाजूवरचं उठावाचं नाव, वजनकाट्यावरचा ब्रँड, मागच्या मोटरसायकलच्या टाकीवरचं चिन्ह, तिची एमएच १५ ची नंबर प्लेट, आरशात उमटलेली समोरच्या दुकानाची पाटी आणि घडांखाली अंथरलेलं वर्तमानपत्र. आरसा आणि वर्तमानपत्र बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. वर्तमानपत्रातला मजकूर आणि छायाचित्रं यांवर दुसऱ्याचा हक्क असतो, त्यामुळे नुसतं मथळ्याचं नाव पुसून भागत नाही.

काम नेहमी वेगळ्या रिकाम्या लेयरवर करा. फोटोशॉपमध्ये क्लोन स्टॅम्प घेऊन वरच्या पट्टीतला `Sample` हा पर्याय `Current & Below` वर ठेवा, म्हणजे खालचा फोटो जसाच्या तसा राहतो आणि चुकलेला भाग केव्हाही खोडता येतो. गिंपमध्ये याच कामासाठी `Sample merged` वर खूण करायची.

सोप्या जागेपासून सुरुवात करू. वजनकाट्याचा पुढचा भाग सपाट, एका रंगाचा होता. तिथे हीलिंग ब्रश पुरतो, कारण तो आजूबाजूची छटा मिसळून घेतो. पण हाच ब्रश कडेला नेला की शेजारचा गडद रंग ओढून काळपट डाग पाडतो. म्हणून कडेपासून थोडं आधीच थांबायचं आणि उरलेली पट्टी क्लोन स्टॅम्पने भरायची.

टाकीवरचं चिन्ह चिकटवलेलं, उंच होतं. मी चिन्ह काढलं, पण त्याखाली पडलेली बारीक सावली तशीच राहिली आणि टाकीवर नसलेल्या वस्तूची सावली दिसू लागली. उठावाच्या प्रत्येक चिन्हासोबत त्याची सावली आणि वरच्या कडेची चमकही काढावी लागते. टाकीवरून जाणारी उजेडाची लांब रेघ मात्र तुटू देऊ नका. रेघेवरचाच नमुना उचलून रेघेच्याच दिशेने पुढे न्या. लोगो गेला तरी विशिष्ट मॉडेलची गाडी आकारावरून ओळखू येते. माझ्या फोटोत ती मागे, अर्धी आणि धूसर होती. तीच मुख्य विषय असती तर मी हा फोटो कमर्शियलला पाठवलाच नसता.

नंबर प्लेट धूसर करण्याची सवय सोडा. धुरकट चौकोनाकडे नजर पहिली जाते. प्लेट तशीच ठेवून फक्त आकडे-अक्षरं काढा. पांढरा भाग खालच्या कोऱ्या पट्टीतून घ्या, डाव्या-उजव्या बाजूच्या उजेडातला फरक सांभाळा.

सगळ्यात जास्त वेळ कॅरेटने घेतला. जाळीच्या प्लास्टिकवर क्लोन स्टॅम्प फिरवला की जाळीचे चौकोन सरकतात आणि चूक लगेच डोळ्यांत भरते. त्यापेक्षा रिकाम्या लेयरवरून फोटोच्या लेयरवर या आणि त्याच कॅरेटचा कोरा तुकडा लॅसोने निवडून `Ctrl+J` ने वेगळ्या लेयरवर घ्या. मग `Ctrl+T` ने तो नावावर आणून वाकवा, चौकोनाची रेघ शेजारच्या रेघेला जुळली की एंटर दाबा. शेवटी त्या लेयरला मास्क लावून कडा मऊ ब्रशने मिटवा. कॅरेटच्या दूरच्या टोकाला चौकोन लहान दिसतात, म्हणून तुकडा शक्यतो जवळपासचाच घ्यावा.

छत्रीवरची अक्षरं एका दमात पुसू नका. प्रत्येक काडीमधला कापडाचा भाग स्वतंत्र धरा, कारण प्रत्येकावर ऊन वेगळं पडतं. दोन काड्यांमधलीच कोरी जागा नमुना म्हणून घ्या आणि नमुना वारंवार बदला. एकाच जागेवरून उचलत राहिलात तर तोच डाग तीनदा उमटतो, आणि अशी पुनरावृत्ती तपासनिसाला ओळखू येते.

वर्तमानपत्राचं मला काही करता आलं नाही. घडांच्या मण्यांमधून अक्षरं डोकावत होती, ती पुसताना मण्यांच्या कडा बिघडत होत्या. फोटो खालून कापला, तेव्हा कुठे जमलं. पुढच्या आठवड्यात त्याच गाडीवर गेल्यावर मी आधीच विचारलं, "मामा, पेपर काढून गोणपाट टाकता का? आणि ही कॅरेट जरा उलटी फिरवता?" दोन मिनिटांत दोन तासांचं काम वाचलं.

खासगी मालमत्तेला हा उपाय लागू पडत नाही. पंचवटीतल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या दारावरची नावाची पाटी तुम्ही सफाईने काढाल, पण कोरीव चौकट आणि सज्जा पाहून ओळखणारा वाडा ओळखतोच. अशा फोटोसाठी मालकाची सही असलेला प्रॉपर्टी रिलीज घ्यावा लागतो. त्याचा नमुना बहुतेक साइट स्वतःच देतात. सही मिळत नसेल तर तो फोटो कमर्शियलसाठी सोडून द्या. वाड्याच्या आत काढलेल्या फोटोला रिलीज हवाच असं धरून चाला.

पाठवण्याआधी एक तपासणी मी कधीच चुकवत नाही. सगळ्यात वर कर्व्हज लेयर टाकून कॉन्ट्रास्ट मुद्दाम टोकाला नेतो. नेहमीच्या उजेडात न दिसणारे ठिगळ तेव्हा वेगळ्या रंगाने उठून दिसतात. कॅरेटवरची जोडाची एक कड मला अशीच सापडली. ती दुरुस्त करून तो कर्व्हज लेयर काढून टाका, मग जेपीईजी काढा.

शेवटी शीर्षक आणि कीवर्ड वाचा. फोटोतून काढलेलं मोटरसायकलचं नाव माझ्या कीवर्डमध्ये तसंच राहिलं होतं. कमर्शियल फोटोच्या कीवर्डमध्येही ब्रँड चालत नाही. मी ते खोडून द्राक्षे, हातगाडी, बाजार, नाशिक असे शब्द ठेवले आणि मगच फोटो पाठवला.