फेलोशिपच्या मुलाखतीत प्रकल्प मांडताना या चुका टाळा

फेलोशिपच्या मुलाखतीसाठी बहुतेक मुलं दोन वेगवेगळ्या तयाऱ्या करतात. 'हा विषय का निवडला?' यासाठी एक भावपूर्ण परिच्छेद पाठ केलेला असतो, आणि पद्धतीवरच्या प्रश्नांसाठी वेगळी वही असते. पॅनेलच्या लेखी मात्र हे दोन्ही प्रश्न एकच आहेत. विषयाची खरी ओढ आहे की नाही हे ते तुमच्या आवाजातल्या कळकळीवरून ठरवत नाहीत, तर तुम्ही तपशिलात कुठवर उतरला आहात यावरून ठरवतात.

हे नीट कळावं म्हणून एक प्रकल्प धरून चालू. पुणे शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून उपसून बेबी कालव्यात, म्हणजे जुन्या मुठा कालव्यात सोडलं जातं. पुढे हवेली आणि दौंड तालुक्यांत ते शेतीला मिळतं. मांजरी-लोणी काळभोर पट्ट्यातल्या विहिरींमध्ये नायट्रेट वाढलेलं दिसतंय आणि ते कालव्यातल्या सांडपाण्यातून येतं की उसाला टाकलेल्या युरियातून, हे तुम्हाला शोधायचं आहे, असं समजा. प्रकल्प चांगला आहे. तरी तो मुलाखतीत कोसळू शकतो, आणि सहसा पुढच्या जागांवर कोसळतो.

'हा विषय का?' याला भाषणाने उत्तर देणे

'पाणी म्हणजे जीवन, ग्रामीण भागात पिण्याच्या पाण्याची समस्या गंभीर आहे, समाजासाठी काहीतरी करायची इच्छा आहे...' इथवर आलात की पॅनेलमधला एक जण चहाचा कप उचलतो. हे उत्तर खोटं नसतं. पण ते कुठल्याही पाण्याच्या प्रकल्पाला चालतं, म्हणून तुमच्याबद्दल काहीच सांगत नाही.

त्याऐवजी जिथे तुमचं डोकं अडकलं ती जागा सांगा. उदाहरणार्थ: 'एकाच बांधाच्या दोन बाजूंना दोन स्रोत आहेत. एक उथळ विहीर, एक बोअर. दोन्ही शेतांत ऊस, खत जवळपास सारखंच. तरी विहिरीत नायट्रेट भरपूर आणि बोअरमध्ये जवळजवळ नाही. का?' आता पॅनेलकडून लगेच प्रश्न येईल: बोअर किती खोल? केसिंग कुठपर्यंत? बेसॉल्टमध्ये वरचा झिजलेला मुरमाड थर आणि खालच्या भेगा यांतलं पाणी वेगळं असू शकतं, तुम्ही कोणतं पाणी मोजलंत? हे प्रश्न येऊ लागले म्हणजे मुलाखत बरी चालली आहे असं समजा. उलट तोच प्रश्न शब्द बदलून दुसऱ्यांदा आला, तर तुम्ही अजून उत्तर दिलेलं नाही. तेव्हा तेच वाक्य मोठ्याने म्हणू नका, आणखी ठोस काहीतरी सांगा.

याच टप्प्यावर 'या भागात आधी काय काम झालंय?' हा प्रश्न येतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय पुण्यातच आहे, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट तर मांजरीतच. जिथे काम करणार तिथलं निरीक्षण विहिरींचं रेकॉर्ड पाहिलेलं नाही आणि उसाच्या खताची शिफारस माहीत नाही (सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्र), असा उमेदवार 'मला या प्रश्नाची तळमळ आहे' म्हणाला तर पॅनेलने काय समजायचं?

स्वतःच्याच आकड्याचं एकक माहीत नसणे

ही चूक सर्वात लहान आणि सर्वात महाग. स्लाइडवर लिहिलेलं असतं: 'नायट्रेट १२ मिलिग्रॅम प्रति लिटर'. पॅनेल विचारतं, 'म्हणजे पिण्यायोग्य ना?' भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये मर्यादा ४५ मिलिग्रॅमची आहे, तेव्हा उमेदवार 'हो, मर्यादेच्या आत' असं म्हणून मोकळा होतो. पुढचा प्रश्न शांतपणे येतो: 'हे १२ नायट्रेट म्हणून की नायट्रोजन म्हणून?'

प्रयोगशाळा दोन्ही प्रकारे आकडा देतात. नायट्रेटच्या रेणूचं वजन ६२, त्यातल्या नायट्रोजनचं १४, म्हणून नायट्रोजनच्या आकड्याला साधारण ४.४३ ने गुणलं की नायट्रेटचा आकडा मिळतो. रिपोर्टमधले १२ नायट्रोजन म्हणून असतील तर नायट्रेट झालं सुमारे ५३, म्हणजे मर्यादेच्या वर. एका एककामुळे सगळा निष्कर्ष उलटला. पॅनेलला गुणाकार तपासायचा नसतो. रिपोर्ट तुम्ही स्वतः वाचलाय की फक्त स्लाइडवर चिकटवलाय, हे पाहायचं असतं.

उपाय सोपा आहे. सादरीकरणातला प्रत्येक आकडा घ्या आणि त्याच्यापुढे वहीत लिहा: एकक काय, कोणी मोजला, नमुना कधी घेतला, बाटली प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बर्फात होती का. ज्याच्यापुढे रकाना रिकामा राहील तो आकडा स्लाइडवरून काढा. चार आकडे कमी दाखवले म्हणून आजवर कोणाची फेलोशिप गेल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

पद्धत कुठे थांबते हे न सांगणे

खरी परीक्षा इथे असते, म्हणून इथे जरा थांबू. उमेदवार सांगतो, 'नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून मी नायट्रेटचा स्रोत ओळखणार.' पद्धत रास्त आहे. नायट्रोजन-१५ आणि नायट्रोजन-१४ यांचं गुणोत्तर हवेतल्या नायट्रोजनच्या गुणोत्तरापेक्षा हजारात किती, म्हणजे किती पर मिल, वेगळं आहे ते पाहतात. युरिया हवेतल्या नायट्रोजनपासून बनतो, त्यामुळे त्याचं मूल्य शून्याच्या आसपास असतं. मैला आणि शेणखत यांतून अमोनियाच्या रूपाने हलका नायट्रोजन उडून जातो, म्हणून उरलेल्याचं मूल्य बरंच वर, अनेकदा १० पर मिलच्या पुढे जातं.

समजा, तुमच्या भागात खताचं मूल्य २ धरलं, सांडपाण्याचं १४, आणि विहिरीत आलं ८. सरळ गणिताने निम्मं नायट्रेट सांडपाण्याचं ठरतं. स्लाइडवर पाय चार्ट तयार!

आता पॅनेलमधल्या भूजलवाल्या बाईंचा प्रश्न: 'जमिनीखाली नायट्रेट नष्टही होतं, त्याचं काय?' जिथे प्राणवायू कमी असतो तिथे जिवाणू नायट्रेटचं नायट्रोजन वायूत रूपांतर करतात, आणि हे करताना हलका समस्थानिक आधी वापरतात. म्हणून उरलेल्या नायट्रेटचं मूल्य आपोआप वर चढतं. विहिरीतलं ८ हे मुळात ४ होतं आणि या क्रियेने चढलं असेल, तर सांडपाण्याचा वाटा निम्मा राहत नाही, एक षष्ठांशावर येतो. म्हणजे निव्वळ खताचं पाणीही पुरेसं मुरलं तर सांडपाण्यासारखं दिसू शकतं. आणि तुमच्या त्या 'नायट्रेट नसलेल्या' बोअरचं उत्तरही कदाचित इथेच असेल.

दुसरी अडचण आणखी साधी. मैला आणि शेणखत यांची मूल्यं एकमेकांत मिसळतात. शेजारी गोठा असेल तर नायट्रोजनवरून माणूस आणि म्हैस यांत फरक करता येत नाही.

इथे उमेदवार दोन प्रकारे घसरतो. एक तर 'नाही मॅडम, ही पद्धत खूप ॲक्युरेट आहे' असं म्हणत भिंतीला डोकं लावतो, नाहीतर एकदम हात टेकून 'हो, मग पद्धत बदलावी लागेल' म्हणतो. दोन्ही उत्तरांतून एकच कळतं, की मर्यादा त्याला आत्ता पहिल्यांदा समजली.

चांगल्या उत्तरात मर्यादा आणि तिच्यावरची तजवीज एकत्र येते. ऑक्सिजनचा समस्थानिकही मोजणार, कारण जिवाणूंच्या क्रियेत दोन्ही मूल्यं एकत्र वर सरकतात आणि नुसत्या मिश्रणात तसं होण्याचं कारण नसतं. विहिरीवरच विरघळलेला प्राणवायू मोजणार. माणसाचं सांडपाणी वेगळं ओळखण्यासाठी काही नमुन्यांत कार्बामाझेपिन शोधणार. हे फिट्सवरचं औषध सांडपाणी प्रक्रियेतून बरंचसं तसंच पार होतं आणि म्हशीला कोणी देत नाही. ते सापडलं तर सांडपाणी पोचलंय असं म्हणता येईल, पण सापडलं नाही म्हणून पोचलं नाही असं म्हणता येणार नाही. हे शेवटचं वाक्य तुम्ही न विचारता म्हणालात, तर पॅनेलची अर्धी शंका तिथेच मिटते.

तुलनेच्या विहिरींचा प्रश्नही इथेच सोडवून ठेवा. नवा मुठा उजवा कालवा वरच्या अंगाने जातो आणि खडकवासल्याचं पाणी नेतो. दोन कालव्यांमधल्या उसाला धरणाचं पाणी, बेबी कालव्याच्या खालच्या उसाला सांडपाणी. पीक तेच, खडक तोच, पाणी वेगळं. अशी तयार तुलना हाताशी असताना 'कंट्रोल म्हणून दुसऱ्या तालुक्यातली गावं घेतली आहेत' असं सांगणाऱ्याने नकाशा पाहिलेला नसतो.

'गृहीतक चुकलं तर?' या प्रश्नाला घाबरणे

हा प्रश्न तुम्हाला पाडण्यासाठी नसतो. 'सर, चुकणार नाही' हे उत्तर मात्र नक्की पाडतं. प्रश्न असा रचलेला हवा की उत्तर कुठल्याही बाजूला पडलं तरी काहीतरी ठरेल. सांडपाणी दोषी निघालं तर मुद्दा मुंढव्याला येणाऱ्या पाण्याच्या प्रक्रियेचा होतो. खत दोषी निघालं तर तो युरियाची मात्रा आणि हप्ते यांचा होतो. दोन्ही निम्मे-निम्मे निघाले तर? याचंही उत्तर तयार ठेवा, कारण बहुधा तेच निघणार आहे.

काहीच माहीत नसेल तेव्हा 'माहीत नाही' एवढ्यावर थांबू नका. 'हे मी तपासलेलं नाही, पण तपासायचं तर आधी अमुक पाहीन' असं म्हणा. अंदाज ठोकून देऊ नका, समोर बसलेल्यांपैकी एकाने त्याच विषयावर पीएचडी केलेली असण्याची शक्यता असतेच. आणि मुलाखत इंग्रजीत चालू असताना मध्येच 'हे त्या शेतकऱ्याला कसं सांगाल?' असा मराठीत प्रश्न आला तर गडबडू नका. 'समस्थानिक' हा शब्द न वापरता चार वाक्यांत सांगायचा सराव घरी कोणासमोर तरी करून ठेवा.

वेळापत्रकात पाऊस विसरणे

गँट चार्टवर 'पहिले तीन महिने: नमुने गोळा करणे' असं लिहिलेलं असतं. पॅनेल विचारतं, कोणते तीन महिने? भूजलाचे नमुने पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, ढोबळमानाने मे आणि नोव्हेंबरमध्ये घ्यावे लागतात. फेलोशिप ऑगस्टमध्ये सुरू झाली तर पहिला मे येईपर्यंत नऊ महिने गेलेले असतात. दोन वर्षांच्या फेलोशिपमध्ये मे दोनदाच येतो, आणि दुसऱ्या मेचे समस्थानिकांचे निकाल येईपर्यंत मुदत संपत आलेली असते. म्हणून पहिल्या नोव्हेंबरमध्येच पहिली फेरी होईल असं बसवा, विहीरमालकांची परवानगी त्याआधी मिळवा, आणि पॅनेलने विचारायच्या आत सांगा की दुसऱ्या मेची फेरी हुकली तर तीन फेऱ्यांवर तुम्ही काय म्हणू शकाल आणि काय म्हणू शकणार नाही.