काकूंचं पातेलं आणि माझं दूध

शाळेत असताना डिसेंबरात येळ्ळूरहून सायकलला किटल्या लावून बेळगावच्या शहापुरात दूध घालायचो. बोटं गारठून ब्रेकही दाबता यायचा नाही. एका काकूंकडे सलग तीन दिवस दूध फाटलं. "बाळ, शिळं मिसळतोस काय रे?"

पण त्याच किटलीतलं दूध शेजारी नीट तापत होतं. विचारलं तर कळलं, काकू दूध पातेल्यात ओतून चुलीच्या कडेला ठेवायच्या आणि आंघोळ-पूजा उरकून नऊला तापवायच्या.

चौथ्या दिवशी म्हटलं, "काकू, अर्धा पेला दूध उकळत्या पाण्यानं धुतलेल्या वाटीत ठेवा. तिथंच, पातेल्याशेजारी." नऊला वाटीतलं दूध वर आलं, पातेल्यातलं फाटलं.

पातेल्याच्या दुमडलेल्या काठात बोट फिरवलं, तर पिवळट थर आणि आंबूस वास. ताज्या दुधाला विरजण लागत होतं, वर चुलीची ऊब. काथ्यानं खाच घासली, उकळतं पाणी ओतलं, पातेलं उन्हात उपडं घातलं. दूध आल्याआल्या तापवायला सांगितलं. पुन्हा फाटलं नाही.

माझ्या मापाच्या दांडीच्या जोडातही तसलाच थर निघाला. तो काकूंना दाखवला नाही.