कापण्याआधी वर्तुळ अर्धं करा : सरावपाठात फसलेल्याचा सल्ला

बी.एड.च्या सरावपाठात मी फळ्यावर लिहिलेलं एक गणित अजून डोळ्यांसमोरून जात नाही : 44 × 7 = 308.

कोल्हापुरातल्या एका शाळेत आठवीचा वर्ग होता, पाठ वर्तुळाच्या क्षेत्रफळाचा. महाद्वार रोडवरून आदल्या संध्याकाळी घोटीव कागद आणला होता आणि रात्री जागून त्याचे 14 सेंटिमीटर बाजूचे चौरस कापून ठेवले होते. पोरांनी त्यात 7 सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं, कापलं, घड्या घालून 16 पाकळ्या केल्या. एक टोक वर, एक टोक खाली अशा त्या शेजारी शेजारी मांडल्या. आयतासारखं काहीतरी दिसायला लागलं. मी विचारलं, “लांबी किती?” सगळा वर्ग एका सुरात ओरडला, “परीघ!” मागच्या बाकावर निरीक्षक वही उघडून बसलेले. घाईत मीही मान डोलावली आणि परीघ 44, रुंदी 7, क्षेत्रफळ 308 असं लिहून मोकळा झालो.

खिडकीजवळच्या एका मुलीनं कापून उरलेले चार कोपरे हातात धरले आणि म्हणाली, “सर, आमचा कागदच 196 चा व्हता की. मग 308 आलं कुठनं?”

14 गुणिले 14, 196. वर्तुळ त्याच्या आतलं. ते कागदापेक्षा मोठं निघणं शक्यच नाही. उत्तर 154 यायला हवं होतं, मी बरोबर दुप्पट केलं होतं.

तुमच्यापैकी बहुतेकांना πr² येतंच, त्यामुळे वाटेल की ही चूक आपल्याकडून होणार नाही. होते. सूत्र माहीत असतं म्हणूनच होते, कारण आपलं लक्ष शेवटच्या ओळीकडे असतं आणि पोरांचं समोरच्या कागदाकडे. त्यांच्या बाजूनं बघा. वर्तुळाची कड म्हणजे परीघ. पाकळ्या मांडल्यावर ती नागमोडी कड आयताच्या लांबीला आली. म्हणजे लांबी परिघाएवढी. यात मुलाचं काय चुकलं? त्यानं फक्त खालची कड बघितली. निम्म्या पाकळ्या उलट्या मांडल्यात, त्यांची कड वरच्या बाजूला गेलीय, हे त्याला कोणी दाखवलंच नाही. परीघ खाली 22 आणि वर 22 असा वाटला गेला. आयताची लांबी म्हणजे त्यातली एकच बाजू, परिघाचा अर्धा, πr. रुंदी r. म्हणून πr × r.

“अर्धा घ्या” असं नुसतं सांगून उपयोग नाही, हे मी दुसऱ्या पाठात अनुभवलं. पोरं अर्धा घेतात, पण का ते विसरतात, आणि चाचणीत कुणी त्रिज्याही अर्धी करतं. ते अर्धेपण हातानं कापावं लागतं.

आणि हे काही मला सुचलेलं नाही. कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी 1545 साली भास्कराचार्यांच्या लीलावतीवर टीका लिहिली. तीत हीच रचना आहे, फक्त ते आधी वर्तुळाचे दोन समान भाग करतात, मग प्रत्येक अर्ध्याच्या पाकळ्या उलगडतात आणि दोन्ही एकमेकांत बसवतात. आधी दोन भाग! हे मला कुणी पाठ टाचण तपासताना सांगितलं असतं तर 308 टळले असते. पण आमच्या मार्गदर्शकांचा सल्ला होता : सूत्र आधी लिहा, वेळ उरला तर कागद कापा. माझ्या मते असल्या सल्ल्यानंच हा पाठ वर्षानुवर्षं नुसती करमणूक होऊन बसलाय.

आता मी असं करतो. कापण्याआधी वर्तुळाच्या कडेवर स्केचपेननं रेघ ओढायची, अर्ध्या कडेला लाल, अर्ध्या कडेला निळी. फक्त कडेला, सगळी पाकळी रंगवत बसू नका, कारण प्रश्न कडेचा आहे. मग व्यासावर कापून दोन अर्धवर्तुळं वेगळी करायची. प्रत्येकाला तीन घड्या घातल्या की आठ पाकळ्यांच्या खुणा मिळतात. आता केंद्राकडून कडेकडे कात्री चालवायची, पण कडेला दोन मिलिमीटर कागद राखायचा, आरपार कापायचं नाही. अर्धवर्तुळ ताणून सरळ केलं की त्याचा दात असलेला कंगवा होतो. लाल पाठीचा एक, निळ्या पाठीचा एक. एकाचे दात दुसऱ्याच्या फटींत बसवा. पट्टी लावा : लाल पाठ साधारण 22. आता “लांबी किती?” विचारलं की वर्ग “परीघ” म्हणत नाही, “लाल” म्हणतो. निळा कुठे गेला, तर वर. संपलं. कडेला राखलेल्या कागदामुळे रुंदी 7 च्या जरा वर भरते. ते पोरांना आधीच सांगून टाका, नाहीतर कुणीतरी 7.2 लिहून आणतं.

कंगव्यांचा आणखी एक फायदा म्हणजे पंख्यानं सुट्या पाकळ्या उडत नाहीत. माझ्या पहिल्या पाठात अर्धा वर्ग बाकाखाली होता.

दोन्ही टोकांना कड तिरकी दिसेल. तो खरं तर समांतरभुज चौकोन असतो. एका टोकाचा दात उभा मधोमध कापून दुसऱ्या टोकाला लावा, बाजू उभी होते. यात अवघड काही नाही, पण चुकवू नका.

सुट्या पाकळ्यांनीच करायचं ठरवलंत तर एक हुशार पोरगं पट्टी लावणारच. एकूण 8 पाकळ्या असतील तर खालच्या टोकाटोकांतलं सरळ अंतर 21.4 च्या आसपास भरतं, 16 ला 21.8 ते 21.9, आणि 32 कापायची चिकाटी असेल तर 22 ला जवळजवळ भिडतं. पट्टी जीवा मोजते, परीघ कंसांचा असतो, म्हणून हा फरक. पोराला “तुझं मोजायचं चुकलं” म्हणू नका, त्याचं बरोबर आहे. कागदाचा आयत कधीच पुरा होत नाही, पाकळ्या वाढवू तसा फुगवटा घटत जातो, एवढं आठवीत पुरतं. मोबाइलवर पाकळ्या सरकताना दाखवणारे व्हिडिओ मला म्हणूनच आवडत नाहीत. त्यांत फुगवटा दिसायच्या आत आयत तयार असतो.

एक गोष्ट मात्र आदल्या तासालाच उरका : डब्याच्या झाकणाला दोरा गुंडाळून परीघ मोजणं आणि तो व्यासाच्या तिपटीहून थोडा जास्त भरतो हे वहीत लिहिणं. ते झालेलं नसेल तर 22 आकाशातून पडतात.

पाठ फसला तर घाबरू नका. निरीक्षकांनी माझ्या वहीत “आशयज्ञान तपासावे” असं लिहिलं होतं, रात्री जेवण गेलं नाही. पुढच्या तासाला मी त्याच मुलीला फळ्याजवळ बोलावलं. तिनं 196 मधून 154 वजा केले, 42 आले. उरलेले चार कोपरे तिनं वहीत आयताशेजारी चिकटवले आणि खाली लिहिलं, “हे 42.”