स्नेहभोजनातून निधी: ४३ पैशांचा हिशोब ६५ पैशांवर कसा जातो

पुण्यातल्या एखाद्या मध्यम सामाजिक संस्थेने निधीसाठी ठेवलेल्या स्नेहभोजनाचा हिशोब धरू. आकडे मानलेले आहेत. केटररला २०० ताटांची हमी, ताट ९०० रुपये अधिक ५ टक्के जीएसटी, म्हणजे १,८९,००० रुपये. हॉल, साउंड आणि छपाई मिळून १,११,०००. खर्च बरोबर ३ लाख. पाहुणे आले १६०. तिकीट २,५०० रुपयांचं, पण २० पास फुकट वाटलेले, म्हणून तिकिटांचे साडेतीन लाख. शिवाय जेवणानंतर साडेतीन लाखांची आश्वासनं मिळाली. कार्यकारिणीपुढे अहवाल जातो: जमा ७ लाख, खर्च ३ लाख, म्हणजे जमलेल्या रुपयामागे ४३ पैसे खर्च.

आता यात काय बिघडलंय ते बघा. आश्वासन म्हणजे जमा नव्हे. तीन महिन्यांनी बँकेत त्यातले अडीच लाखच आले असतील, तर जमा ६ लाख. खर्चातही दोन कर्मचाऱ्यांचा दीड महिन्याचा पगार धरलेलाच नाही. दोघं तिकिटं विकत आणि फोन करत होते, मुलांच्या वर्गावर नव्हते. ते ९० हजार मिळवले की खर्च ३,९०,०००, आणि रुपयामागे ६५ पैसे. पगार तर तसाही द्यायचाच होता, हा युक्तिवाद मला पटत नाही. त्या दीड महिन्यात राहून गेलेलं काम कुणी मोजत नाही.

अजून एक गळती हिशोबात दिसतच नाही. दरवर्षी एक लाख देणारे जुने देणगीदार या वर्षी तेच पैसे जेवणाच्या रात्री देतात. तो लाख नवा नव्हे. तो वगळला तर ५ लाखांवर ३,९०,००० खर्च, रुपयामागे ७८ पैसे. यासाठी जमायादी मागच्या दोन वर्षांच्या देणगीदार यादीशी नावानिशी ताडून बघा.

सगळ्यात महाग चूक मात्र ताटांच्या हमीची. ताटाचे ९४५ रुपये माणसागणिक लागले असते, तर १,११,००० रुपये भरून काढायला ७२ तिकिटं पुरली असती. हमी दिल्यावर पाहुणा येवो न येवो, ते पैसे जातातच. मग १२० तिकिटं लागतात, आणि पगार धरला तर १५६. इथे विकली गेली १४०. म्हणजे तिकिटांवर कार्यक्रम तोट्यात गेला आणि देणग्यांनी तो झाकला. न वाढलेल्या ४० ताटांचेच ३७,८०० रुपये झाले.

म्हणून हमी विकलेल्या तिकिटांवर ठरवा, हॉलच्या क्षमतेवर नाही. केटररशी आधीच लेखी ठरवा: हमी १५०, आयत्या वेळी वाढलेल्या वीस-पंचवीस ताटांना तोच दर, आणि अंतिम आकडा दोन-तीन दिवस आधी. फुकट पास देताना यादीत नावासमोर ९४५ लिहायला लावा; पास मागणारे निम्मे होतात, विशेषतः विश्वस्तांचे नातेवाईक.