योगवर्गाचा रिव्ह्यू लिहिण्याआधी काय पाहावं

‘टीचर खूप छान, वातावरण प्रसन्न’ असे रिव्ह्यू वाचून मी एका योगवर्गाची तीन महिन्यांची फी भरली होती. दुसऱ्याच महिन्यात मान दुखावली आणि वर्ग सुटला. शिक्षिका स्वभावानं छानच होत्या, पण वर्गात माणसं किती, सर्वांगासन कसं करून घेतात, बुडलेल्या दिवसांचं काय, हे त्या रिव्ह्यूंमध्ये कुठेच नव्हतं.

म्हणून पहिली गोष्ट: निदान आठ दिवस वर्ग केल्याशिवाय रिव्ह्यू लिहू नका. ट्रायलच्या दिवशी नव्या माणसाकडे जास्त लक्ष दिलं जातं, त्यावरून महिन्याचा अंदाज येत नाही.

त्या आठ दिवसांत सगळ्यात जास्त लक्ष शिकवण्याकडे द्या. शिक्षक आसन करून दाखवतात, की तुम्हाला करताना बघतात? दोन्ही हवं, पण तासभर स्वतःच आसनं करत राहणाऱ्या शिक्षकाला तुमचा गुडघा दिसत नाही. त्रिकोणासनाच्या वेळी हे नीट कळतं. त्यात पुढच्या पायाचा गुडघा मागे ढकलला जाण्याची सवय अनेकांना असते. ‘पाय सरळ ठेवा’ एवढ्याच सूचनेनं तो आणखी मागे जातो. ‘गुडघ्याची वाटी मांडीकडे ओढून घ्या’ असं सांगितलं की नेमकं काय करायचं ते समजतं. हात जमिनीला पोचत नसेल तर ठोकळा दिला का, हेही बघा. घरी आल्यावर ऐकलेली एक नेमकी सूचना वहीत लिहा. आठ दिवसांत लिहायला काही मिळालंच नाही, तर रिव्ह्यूत तेच सांगायचं.

दुसरं, डोकी मोजा. बॅच पंधराची सांगतात आणि सोमवारी सकाळी पंचवीस जण येतात, असं होतं. साठ मिनिटांतली दहा शवासनाची सोडली, तर पंचवीस जणांमागे प्रत्येकी दोनच मिनिटं उरतात. दोन्ही हात बाजूला पसरल्यावर शेजारच्याला लागतात का, शिक्षकांना सतरंज्यांमधून चालता येतं का, हेही पाहा. रिव्ह्यूत वार आणि वेळ लिहा, कारण त्याच हॉलमध्ये दुपारच्या बॅचला आठच जण असू शकतात.

सुरक्षिततेची परीक्षा पहिल्याच दिवशी सुरू होते. रक्तदाब, कंबर, गुडघे, झालेली ऑपरेशनं, गर्भारपण यांची चौकशी झाली का? झाली असेल तर पुढे तिचा उपयोग झाला का? नुसता फॉर्म भरून घेणं पुरेसं नाही. आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा काचबिंदू असलेल्यांना उलटी आसनं देऊ नयेत. त्या वेळी त्यांना दुसरं काय करायला सांगतात, ते बघा. माझ्या वर्गात पातळ मॅटवर थेट सर्वांगासन करून घेत आणि ‘हनुवटी छातीला दाबा’ म्हणत. सगळा भार मानेवर येई. पुढे दुसऱ्या वर्गात खांद्यांखाली घडी केलेली ब्लँकेटं दिली, डोकं खाली जमिनीवर ठेवायला लावलं आणि छाती हनुवटीकडे आणायला सांगितली. आसन तेच, पण मान मोकळी राहिली. दुखतंय म्हटल्यावर ‘सवय होईल’ असं उत्तर मिळालं, तर ते रिव्ह्यूत जसंच्या तसं लिहा.

चुकलेल्या दिवसांचा नियम पैसे भरण्याआधी विचारा आणि वर्गाच्या ग्रुपवर किंवा पावतीवर लेखी मागा. तुमची दांडी आणि वर्गाची सुट्टी हे दोन वेगळे प्रश्न आहेत. गणपतीत वर्ग बंद राहिला तर ते दिवस भरून देतात का? तुम्ही गावी गेलात तर दुसऱ्या बॅचला बसता येतं का, आणि किती दिवसांच्या आत? समजा, महिन्याचे १,८०० रुपये आणि बारा दिवस, म्हणजे दिवसाला १५०. चार दिवस बुडाले आणि काहीच भरून मिळालं नाही, तर दिवस २२५ रुपयांना पडला. दोन दिवस भरून दिले तर १८०. ‘नियम कडक आहेत’ म्हणण्यापेक्षा हा हिशेब वाचणाऱ्याच्या उपयोगी पडतो. मात्र नियम आधी स्पष्ट सांगितला असेल, तर तेही लिहा. तो न आवडणं आणि फसवणूक होणं यात फरक आहे.

लिहिताना आधी स्वतःबद्दल एक ओळ द्या, कारण विशीतल्या नर्तकीला सोपा वाटलेला वर्ग साठीच्या गुडघ्यांना झेपेलच असं नाही. साधारण असा मजकूर पुरे होतो:

‘वय ५२, कंबरदुखी, योगात नवखी. सोम-बुध-शुक्र सकाळी ७ ची बॅच, दहा दिवस केली. बॅच पंधराची सांगितली होती, रोज १८ ते २२ जण असत. सूचना नेमक्या, ठोकळे आणि बेल्ट पुरेसे. कंबरेचं सांगितल्यावर पुढे वाकायची आसनं खुर्चीच्या आधारानं दिली. दोन दिवस बुडाले, त्यातला एक संध्याकाळच्या बॅचला भरून मिळाला; दुसऱ्यासाठी तिथे जागा नव्हती. भरून घ्यायची मुदत त्याच महिन्यापुरती, हे फी भरताना सांगितलं होतं.’